मदत हवी आहे : वीट २० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, गाडी परत करू का?

उलव्यात तळमजल्याच्या घराचं काम चालू आहे. काल विटांची पहिली गाडी उतरली. रंग बरा आहे, पण दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत न वाजता बद्द आवाज येतो. नखाने ओरखडाही उठतो. मीटरभर उंचीवरून टाकलेल्या पाचपैकी दोन फुटल्या.

मग ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच विटा घेऊन २४ तास पाण्यात बुडवल्या, बाहेर काढून फडक्याने पुसल्या आणि वजन केलं. एक २.८५० किलोची ३.४४० झाली, म्हणजे २०.७ टक्के. सर्वांत वाईट वीट २३.४ टक्के. पाचांची सरासरी २१.५. साध्या विटेला मर्यादा २० टक्के.

अडचण अशी की ओव्हन नाही, विटा फक्त दोन दिवस उन्हात वाळवल्या होत्या. आत ओल राहिली असेल, तर खरा आकडा याहूनही जास्त निघेल, बरोबर ना?

पुरवठादार म्हणतो, "दाबाची चाचणी करून घ्या, साडेतीन न्यूटन सहज मिळतील." लॅबचा अहवाल येईपर्यंत गवंडी थांबणार नाहीत. ताकद पास झाली, तरी एवढं पाणी पिणारी वीट पावसाच्या माऱ्यातल्या बाहेरच्या भिंतीला चालेल का, की गाडी आताच परत पाठवू?