व्हर्जिनियात धर्मजागृतीनं राजमान्य चर्चचा दबदबा मोडला का?

धागाकर्ता: 18व्या शतकात अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत धर्मजागृतीची, म्हणजे जोशपूर्ण प्रवचनांतून लोकांना पुन्हा धर्माकडे ओढणारी लाट आली. तिनं सरकारी चर्चची सत्ता खिळखिळी केली असं म्हणतात. हे खरं, की मागाहून जोडलेली गोष्ट? व्हर्जिनियापुरतं सांगितलंत तरी चालेल.

जुनी_वही: माझ्या मते खरं आहे, आणि सगळं अडलं होतं ते परवान्यावर. व्हर्जिनियात सरकारी चर्च म्हणजे इंग्लंडचं अँग्लिकन चर्च, आणि त्याच्या पाद्र्याचा पगार वर्षाला 16,000 पौंड तंबाखू होता. तो पट्टी बसवून वसूल व्हायचा, तुम्ही त्याच्या चर्चमध्ये पाऊल टाका वा न टाका. दुसऱ्या पंथाच्या प्रचारकाला परवाना लागे, तोही ठरावीक प्रार्थनाघरापुरता. प्रेस्बिटेरियन सॅम्युएल डेव्हिसनं 1747 मध्ये असा परवाना रीतसर मिळवला, म्हणजे परवाना देणाऱ्याचा हक्क त्यानं मान्यच केला.

धर्मजागृतीतून निघालेल्या सेपरेट बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी मात्र परवाना मागितलाच नाही. प्रवचनाची आज्ञा देवाची, तिथे कोर्टाला काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. जॉन वॉलर हा जुगारी, शिवराळ म्हणून प्रसिद्ध. लुईस क्रेग या बाप्टिस्ट प्रचारकावर खटला भरणाऱ्या ज्युरीत तो बसला होता. क्रेगनं ज्युरीशीच शांतपणे बोलून घेतलं आणि वॉलरचं मन पालटलं. 1768 मध्ये स्पॉटसिल्व्हेनियात हे दोघंही शांतताभंगाच्या आरोपाखाली उभे राहिले. एक वर्ष आणि एक दिवस प्रवचन करणार नाही असं लिहून द्या, सोडतो, असं त्यांना सांगण्यात आलं. ते तुरुंगात गेले आणि खिडकीच्या गजांतून बाहेरच्या गर्दीपुढे बोलत राहिले. ज्या शिक्षेनं लोक गप्प व्हायला हवेत तिच्यामुळेच गर्दी वाढू लागली, तर कोर्टाच्या हातात उरतं काय?

कोकणकडा: कथा हृदयाला भिडते, पण चर्च आधीच पोकळ होतं हे तुम्ही सोडून दिलंत. अख्ख्या अमेरिकेत एकही बिशप नव्हता. दीक्षा बिशपच देणार, म्हणून पाद्री व्हायचं तर जहाजानं लंडन गाठावं लागे. पॅरिशचा, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीचा कारभार व्हेस्ट्री या स्थानिक समितीतल्या मळेवाल्यांच्या मुठीत. त्यांनी 1758 मध्ये कायदा करून तंबाखूऐवजी दर पौंड तंबाखूमागे दोन पेनी द्यायचं ठरवलं, कारण तेव्हा तंबाखूचा भाव चढला होता. पाद्री कोर्टात गेले आणि 1763 मध्ये वकील पॅट्रिक हेन्रीच्या भाषणानंतर ज्युरीनं एका पाद्र्याला भरपाई दिली एक पेनी! यात धर्मजागृती कुठे आली? शिवाय 1786 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा जेफरसनचा. बाप्टिस्टांचं श्रेय फुगवू नये.

केडगावकर: आमची पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1905 मध्ये तिथे अशीच जागृती झाली होती. मुली रात्र-रात्र रडत प्रार्थना करत, हे घरी ऐकलंय. तेव्हाही काही मिशनऱ्यांना ते पटलं नव्हतं. म्हणजे वसाहतींत सगळीकडे हेच झालं ना?

जुनी_वही: केडगावकर, पणजीची आठवण लिहून ठेवा, मोलाची आहे. पण धागा अमेरिकेतल्या वसाहतींचा आहे. केडगावात चर्चसाठी सरकारी पट्टी नव्हती, त्यामुळे मोडायला ती सत्ताच नव्हती.

कोकणकडा, बिशपचा मुद्दा मान्य. पण तुमच्याच हेन्रीला पुढे बघा. 1784 मध्ये सगळ्या ख्रिस्ती शिक्षकांसाठी कर घ्यावा या विधेयकामागे तोच होता. म्हणजे मळेवाल्यांचा राग पाद्र्याच्या पगारावर होता, धर्मासाठी कर घेण्यावर नव्हता. ते विधेयक अर्जांच्या पुरात वाहून गेलं. या कराविरुद्ध जेम्स मॅडिसन या पुढाऱ्यानं लिहिलेल्या गाजलेल्या अर्जापेक्षा इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मजागृतीतल्या मंडळींच्या अर्जावर जास्त सह्या होत्या. जेफरसनचं विधेयक 1779 पासून पडून होतं. ते उचलून मंजूर करण्याइतकं बळ या सह्यांनी दिलं. मॅडिसनही 1774 मध्ये आपल्या शेजारच्या परगण्यात तुरुंगात डांबलेल्या प्रचारकांवरून मित्राला संतापून पत्र लिहीत होता.

कोकणकडा: हेन्रीचं मान्य, तिथे मी कच्चा होतो. पण लाट सगळ्यात मोठी उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये होती ना? तिथे चर्चचा कर कनेक्टिकटमध्ये 1818 पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत टिकला. जागृतीनंच चर्च मोडत असेल तर तिथे आधी मोडायला हवं होतं.

जुनी_वही: हा प्रश्न अवघड आहे. तिथेही सोसलेले लोक होते. 1752 मध्ये कनेक्टिकटमधल्या नॉर्विचला एलिझाबेथ बॅकस ही विधवा आजारी होती, रात्री शेकोटीजवळ वाचत बसली होती. चर्चचा कर भरला नाही म्हणून तिला उचलून तुरुंगात नेलं. पण तिथे बाप्टिस्टांना दाखला दिला की करातून सूट मिळे. बऱ्याच जणांनी दाखला घेतला आणि लढा थंडावला. तिचा मुलगा आयझॅक पुढे म्हणू लागला की दाखला मागणं हेच मुळात चूक. व्हर्जिनियात क्रेग-वॉलर परवान्याबद्दल तेच म्हणत होते.

कोकणकडा: दाखल्यानं लढा थंडावला असेल. पण मग फरक जागृतीनं पडला की कायद्याच्या रचनेनं? व्हर्जिनियात दाखल्याची सोय असती तर वॉलरच्या मागे इतके लोक उभे राहिले असते का, हे मला अजून पटवून द्यायचंय तुम्ही.