स्कूलबसमधल्या तक्रारीला पालकांचं उत्तर

"सातवीतला मुलगा स्कूलबसमध्ये एकाला त्रास देतो, असं शाळेचं पत्र आलंय. उत्तरात काय लिहू?"

सुरुवातीला मुलाने स्वतः कबूल केलंय तेवढंच लिहा. ‘मुलं मस्करी करतातच’ हे वाक्य टाळा, त्याने शाळेचा विश्वास जातो. बाकी घटनांच्या तारखा लेखी मागा. मग उपाय सुचवा: बसमधली जागा आपल्या मुलाची बदला, त्रास झालेल्या मुलाची नको, नाहीतर शिक्षा त्यालाच होते. आपल्या मुलाला पुढच्या बाकावर, बसताईंच्या नजरेसमोर बसवा. वर्गशिक्षकांनी दर शुक्रवारी डायरीत दोन ओळी लिहाव्यात, 6 आठवड्यांनी बैठक व्हावी.

आपल्या मुलाने समोरासमोर माफी मागावी, असंही काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. दडपणाखाली त्रास झालेला मुलगा ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पुढचा त्रास सांगतच नाही. त्याच्या पालकांशीही शाळेमार्फतच बोला.