मदत हवी आहे: बॅकअपच्या ईमेलमधला धोका न घाबरवता कसा सांगू?

नमस्कार मंडळी. मी छोट्या दुकानदारांना डेटा बॅकअपची सेवा देतो. बहुतेकांचा हिशोब टॅलीत असतो आणि बॅकअप म्हणजे संगणकाला कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह. रॅन्समवेअर आलं तर ते जोडलेल्या पेनड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद करतं, हे त्यांना ईमेलमधून सांगायचंय.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "एका क्लिकमध्ये तुमचा धंदा बुडू शकतो." ते मलाच पटलं नाही. घाबरलेला माणूस एकतर ईमेल पुसतो, नाहीतर घाईत नको ते विकत घेतो. आता असं लिहिलंय:

"समजा, शनिवारी रात्री बॅकअप घेतला, रविवारी दुकान बंद होतं आणि गुरुवारी रात्री हार्ड डिस्क बंद पडली. रोजची 40 बिलं धरली तर 160 बिलं पुन्हा भरावी लागतील. पेनड्राइव्ह काढून ठेवला असेल तर नुकसान एवढ्यावरच थांबतं. तो जोडलेलाच असेल आणि व्हायरस आला, तर शनिवारची प्रतही जाऊ शकते. म्हणून काम झालं की तो काढून ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा."

आमच्या सेवेचा उल्लेख यानंतर, एकाच ओळीत आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. "रॅन्समवेअर" ऐवजी "व्हायरस" लिहिलंय, ते चालेल का? आणि गूगल ड्राइव्हचं सिंक चालू असेल तर बिघडलेली फाईलही वर जाते, हे याच ईमेलमध्ये घालू की पुढच्या? दुकान चालवणाऱ्यांनी जरूर सांगा.