प्रतिसाद: पिसांचं की नायलॉनचं शटल?

> आम्ही चौघं फक्त शनिवार-रविवारी खेळतो. पिसांचं शटल लगेच फाटतं. नायलॉन घ्यावं का? आणि डब्यावरचा ७७ म्हणजे काय?

नायलॉनच घ्या. नवशिक्या हातांत फटका बुचावर न बसता पिसांवर बसतो आणि १६ पिसांपैकी एक जरी मोडलं तरी शटल हवेत डगमगायला लागतं. नायलॉनचं एकेक शटल फार स्वस्त नसतं, पण टिकतं कितीतरी जास्त, म्हणून खर्च कमीच पडतो.

७७ हा पिसांच्या शटलचा वेग. आकडा मोठा तितकं शटल जलद. उकाड्यात हवा विरळ होते, शटल लांब जातं, तेव्हा ७६ घ्यायचं, थंडीत ७८. नायलॉनवर आकड्याऐवजी पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल जलद. निळीपासून सुरुवात करा.

तपासायचं असेल तर मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने, सरळ रेषेत मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडलं तर वेग बरोबर. अर्थात, मनगटात तेवढा जोर हवा!

नायलॉनची खोड एकच: जोरदार स्मॅशला घेर दबतो, त्यामुळे उतरताना ते पिसांच्या शटलसारखं सरळ खाली येत नाही. घेर वाकडाच राहू लागला की बदला.