मुलाखत दिलेल्या सिस्टरनेच परिच्छेद खोडला, आता विश्वासार्हता कशी दाखवायची?

निशा_आयसीयू
प्रबंधाचा विषय असा: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे हात बांधताना परिचारिकांना काय वाटतं. माझ्याच युनिटमधल्या 12 सिस्टरांच्या मुलाखती घेतल्या, पद्धत कोलायझीची, म्हणजे जगलेल्या अनुभवाचं वर्णन पायरीपायरीने काढायची. गाइड म्हणाले, ट्रान्सक्रिप्ट दाखवून सह्या घ्या, क्रेडिबिलिटी झाली. 11 जणींनी सही करून दिली. एकीने मात्र रात्री ऑर्डरशिवाय हात बांधल्याचा अख्खा परिच्छेदच खोडला. माझी मुख्य थीम त्याच्यावर उभी आहे. काय करू?

आकडेमोड
सह्यांवर कशाला अवलंबून राहता? दोघांकडून वेगवेगळं कोडिंग करून घ्या, म्हणजे उताऱ्यांना नावं देऊन घ्या, आणि दोघांचं किती जुळलं त्याचा आकडा, कप्पा, काढा. 0.8 च्या वर गेला की परीक्षक गप्प. शिवाय तीन महिन्यांनी त्याच सिस्टरांना तेच प्रश्न परत विचारा. उत्तरं जुळली तर डिपेंडेबिलिटी आली, नाही जुळली तर डेटाच कच्चा.

रात्रपाळी
मी एकदा अशी मुलाखत दिली होती. घेणारी आमची सीनियर, ड्युटी लावणारीसुद्धा तीच. नाइट संपवून निघताना तिने हातात कागदांचा गठ्ठा दिला, "वाच आणि सही कर." मी शेवटचं पान काढून सही केली आणि घरी गेले. त्या 11 सह्यांमध्ये माझ्यासारख्या किती असतील ते बघा. खोडणारी बाई निदान वाचून तरी गेली!

वसुधा_मॅडम
रात्रपाळी बोलल्या त्यात सगळं आलं. निशा, आधी पद्धतीचं बघू. कोलायझीने 1978 मध्ये शेवटची पायरी सांगितली ती सहभागींकडे परत जाण्याचीच, पण परत न्यायचं ते ट्रान्सक्रिप्ट नव्हे. तुझ्या विश्लेषणातून त्या अनुभवाचं जे वर्णन तयार झालं ते न्यायचं आणि विचारायचं, "तुमच्या अनुभवाशी हे कुठे जुळतं, काय सुटलं?" ट्रान्सक्रिप्टवरच्या सहीने फार तर एवढं कळतं की टंकलेखन बरोबर आहे. तू त्या बोलण्याचा लावलेला अर्थ बरोबर आहे का, ते त्या सहीने कळत नाही. गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडणाऱ्या लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये सहभागींकडून पडताळणीला एवढं महत्त्व दिलं, तेही डेटापासून निष्कर्षापर्यंत सगळं दाखवायचं म्हणून.

म्हणून एक-दीड पानाचं साध्या भाषेतलं वर्णन कर आणि शक्य तिथे समोर बसून बोल. "बरोबर आहे ना?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर "हो"च येतं. "यातलं कोणतं वाक्य तुम्हाला लागू पडत नाही?" असं विचार.

आकडेमोड, तीन महिन्यांत युनिटमध्ये सिडेशनची पद्धत बदलली, एखाद्या रुग्णाने स्वतःच ट्यूब ओढून काढली, तर सिस्टरचं उत्तर बदलणारच. ते बदललं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. डिपेंडेबिलिटीत बघायचं ते एवढंच की प्रश्न, कोड, थीम कधी आणि का बदलल्या, ते बाहेरच्या माणसाला माग काढून सापडतं का.

आकडेमोड
म्हणजे नोंदी ठेवल्या की काहीही खपतं? दोन माणसं एकाच उताऱ्याला वेगळं नाव देत असतील तर कुणीतरी चुकतंय, सरळ हिशेब आहे.

वसुधा_मॅडम
दुसऱ्याला वाचायला द्यावं हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण दोघांनीही एका वाक्याला 'भीती' असा कोड दिला की कप्पा वाढतो. ट्यूब निघण्याची भीती की सकाळी जाब द्यावा लागण्याची, हे मात्र तिथे दिसत नाही. दोघांचं जमत नाही तिथे थांबून वाद घालावा, त्यातून कोड सुधारतो. निशा, मुलाखतीतला एखादा तुकडा इथे टाकशील? ओळख पटेल असं काही नको.

निशा_आयसीयू
हा दुसऱ्याच सिस्टरांचा आहे, त्यांना विचारून टाकतेय:
सिस्टर: रुग्ण हात हलवायला लागला की...
मी: हो ना, तेव्हा आपण बांधतोच.
सिस्टर: हो, बांधावंच लागतं. दोन-दोन पेशंट असतात.
मी यावर 'रुग्णाची सुरक्षितता' असा कोड दिलाय.

वसुधा_मॅडम
सिस्टरचं वाक्य अर्धं होतं, ते तू पूर्ण केलंस. 'बांधावंच लागतं' हा शब्द तिचा की तुझ्या 'बांधतोच'चा प्रतिध्वनी, आता सांगता येणार नाही. आणि तिने कारण दिलं ते दोन पेशंटचं. सुरक्षिततेबद्दल ती बोललीच नाही. तो कोड तुझ्या ड्युटीच्या सवयीतून आलाय. आपलं स्वतःचं स्थान डेटात कुठे शिरलं ते तपासणं, रिफ्लेक्सिव्हिटी म्हणतात ती, इथे दाखवायची. 'मी त्याच युनिटमध्ये काम करते' असं एक वाक्य पद्धतीच्या प्रकरणात टाकून भागत नाही. बाराही ट्रान्सक्रिप्टमध्ये तुझी स्वतःची वाक्यं अधोरेखित कर. जिथे तू 'आपण' म्हणालीस, त्याच्या पुढचं उत्तर जपून वापर. कोड बदललास तर तारीख आणि कारण मेमोत लिही, जुना कोड पुसू नकोस.

फेनोमेनॉलॉजीवाला
मॅडम, मला मुळात सहभागींकडे परत जाणंच पटत नाही. फेनोमेनॉलॉजीची, म्हणजे जगलेल्या अनुभवाच्या अभ्यासाची, दुसरी पद्धत मांडणाऱ्या जॉर्जीचाही कोलायझीच्या त्या पायरीला विरोध होता. जगलेला अनुभव सांगणं सिस्टरचं काम, त्याची रचना शोधणं संशोधकाचं. तिने 'हे मला लागू नाही' म्हटलं तर तुम्ही विश्लेषण बदलणार? ती आता शांतपणे, नोकरी सांभाळून बोलतेय. मुलाखतीत मोकळी बोलली होती. माझ्या मते तर खोडणं हाच सगळ्यात मोठा डेटा आहे. प्रबंधात लिहा ते.

रात्रपाळी
आणि मग दुसऱ्या दिवशी सगळं युनिट विचारणार, कोण ती? तिची नोकरी गेली तर तुमची रचना उपयोगी पडणार का?

वसुधा_मॅडम
परत जायचं की नाही, यावर जाणत्यांमध्ये वाद आहे हे खरं. पण निशाने पद्धत कोलायझीची घेतलीय, शेवटची पायरी गाळायची तर कारण द्यावं लागेल. खोडलेला परिच्छेद वापरायचा नाही, अवतरण म्हणून नाही आणि स्वतःच्या शब्दांत फिरवूनही नाही. तो काढून टाकल्यावर थीम उरते का, हे उरलेल्या 11 मुलाखतींत तपास. ऑर्डरशिवाय बांधणं तिथे कुठेच येत नसेल तर ती थीम नव्हतीच, एकीचं कथन होतं. येत असेल तर या परिच्छेदावाचून अडत नाही. उलट टोकाची शोध: कधीच न बांधणारी कुणी आहे का?

निशा_आयसीयू
आहे एक. त्या रुग्णाचा हात धरून बसतात, पण त्यांच्याकडे कायम एकच पेशंट असतो. वेगळ्या वाटल्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

वसुधा_मॅडम
त्यांना मध्यभागी आण. एकच पेशंट असताना बांधणं थांबतं का, हा प्रश्न तुझ्या सगळ्या डेटाला विचार. दुसऱ्या आयसीयूतला वाचकही तेच शोधणार: एका सिस्टरकडे किती रुग्ण, रात्री डॉक्टर जागेवर असतो का, ऑर्डर लेखी लागते का, बेडवरून सिस्टरची जागा दिसते का. हे लिहिलंस तर आपल्याकडे हे लागू पडेल का, ते तो स्वतः ठरवेल.

फेनोमेनॉलॉजीवाला
एवढं सगळं लिहिलं तर युनिट ओळखू येणार नाही का? मघाशी तर ओळख लपवायची होती.

वसुधा_मॅडम
ओढाताण आहेच. मी युनिटचं वर्णन भरपूर देते आणि सहभागींचं वय, अनुभव, पाळी एकेकीच्या नावापुढे न देता एकत्र देते. तरी लहान युनिटमध्ये बोलण्याच्या लकबीवरून माणूस ओळखू येतो. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एकीने खोडलं एवढी नोंद मेमोत राहू दे. प्रबंधात घ्यायची तर आधी त्या सिस्टरला विचार.

फेनोमेनॉलॉजीवाला
विचारलं तर नाहीच म्हणणार ती. मग सगळा अहवाल सह्या करणाऱ्यांचाच होतो.

निशा_आयसीयू
उद्या विचारते. गाइडना सह्यांचं कसं सांगायचं, ते कुणी सुचवा.