बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये ग्राहकाशी थेट बोलावं का?

वागळे इस्टेट: इन्व्हर्टरचं मराठी मॅन्युअल सोपं करतोय. मूळ मजकूर: ‘पाण्याची पातळी तपासण्यात यावी. कमी आढळल्यास डिस्टिल्ड वॉटर भरण्यात यावे व टर्मिनल घट्ट करण्यात यावेत.’ मी केलं: ‘तुम्ही पाणी तपासा. कमी असेल तर तुम्ही डिस्टिल्ड वॉटर भरा आणि टर्मिनल घट्ट करा.’ हे बरं, की जुनंच?

पाचपाखाडी: जुनंच. उद्या कोणी हातावर अॅसिड सांडून घेतलं की म्हणेल, तुम्हीच ‘करा’ म्हणालात. मॅन्युअल म्हणजे गप्पा नव्हेत.

ऐरोली सर्व्हिसवाला: वॉरंटीच्या अटींपुरतं मान्य, ते पान आहे तसंच राहू द्या. पण ‘घट्ट करण्यात यावेत’ म्हणजे कोणी करायचं, हे मूळ मजकुरात कुठेच नाही. सरसकट ‘करा’ लिहिल्यामुळे मेकॅनिकचं काम घरच्या माणसाच्या गळ्यात पडलं. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून प्रत्येक वाक्याला आधी विचारा: हे ग्राहक करणार, मेकॅनिक की यंत्र? ‘बॅटरी भरल्यावर चार्जिंग कमी केले जाते’ हे तर यंत्रच करतं. तिथे ‘चार्जिंग कमी करा’ लिहिलंत तर लोक बटण शोधत बसतील.

मी असं लिहीन:

‘इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, खिडकी उघडा. जवळ काडी पेटवू नका. फ्लोट खालच्या खुणेवर असेल तर पाणी कमी आहे. झाकण काढून वरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा. त्याहून जास्त भरलंत तर चार्जिंगच्या वेळी अॅसिड बाहेर येईल. टर्मिनल सैल वाटलं तर हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.’

‘तुम्ही’ एकदाही लागलं नाही, ‘करा’मध्येच ते आलं.

कळवा: आमच्या सासूबाई नळाचं पाणी घालायच्या, बॅटरी लवकर गेली. दुकानदाराने बदलून द्यायला हवी होती ना?

ऐरोली सर्व्हिसवाला: ताई, तो वेगळा विषय. पण वाक्य मिळालं: ‘नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते.’ हे भरायच्या सूचनेच्या आधी हवं, शेवटच्या पानावर नको.

कोपरखैरणे: पाणी नेहमी पूर्ण चार्ज झाल्यावरच भरायचं. तुमच्या नमुन्यात ते नाही.

ऐरोली सर्व्हिसवाला: बरोबर, राहिलं. पण ‘नेहमी’ नको. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज होऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा.

पाचपाखाडी: बघा, सोपं करता करता किती ‘तर’ आले! शिवाय एकाच पुस्तिकेत पुढे ‘करा’ आणि मागे ‘ग्राहकाने करावे’, हे विचित्र दिसणार.

वागळे इस्टेट: वॉरंटीचा वेगळा कागद करता येईल का, ते साहेबांना विचारतो. छपाईचा खर्च वाढला की ते नाही म्हणतात.