मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपवर खर्च करावा की नवा घ्यावा?

नमस्कार. माझा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. सुरू केल्यावर सात-आठ मिनिटे टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकते, प्रोसेसर मात्र जेमतेम २० टक्के वापरात असतो; त्यामुळे खरा अडथळा डिस्कचाच असावा, असे मला वाटते.

सीताबर्डीतील दुकानदार आधी एसएसडी आणि मग रॅम टाकायला सांगतात. साटा एसएसडी उद्या नव्या संगणकातही वापरता येईल, परंतु डीडीआर-३ रॅम नव्या मदरबोर्डवर बसतच नाही, म्हणून तो खर्च मला खटकतो. त्याहून मोठी काळजी अशी की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो माझ्या मदरबोर्डवर बसत नाही.

माझे काम टॅली, बँकेचे व्यवहार आणि मराठी टंकलेखन एवढेच आहे. अशा वेळी फक्त एसएसडी टाकून वर्षभर थांबावे, की बँकेच्या सुरक्षिततेसाठी आताच २५ हजारांपर्यंतचा नवा संगणक जुळवून घ्यावा? जुना मॉनिटर आणि कॅबिनेट मी ठेवणारच आहे, परंतु इतक्या वर्षांचा पॉवर सप्लाय नव्या मदरबोर्डला जोडणे योग्य ठरेल का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.